हरणीचा कोट, भाग २: मापं परत घेतली, यावेळी उभं करून

मागच्या वेळी लिहिलं होतं की दुकानातून आणलेला कोट आमच्या कुत्रीला, हरणीला, बसला नाही आणि आता मी स्वतःच शिवणार आहे. तर आज त्याचा पुढचा भाग, थोडा मोठा झालाय कारण मापातच दोन आठवडे गेले.

नवीन लोकांसाठी सांगते, हरणी कारवानी जातीची आहे, चार वर्षांची, लातूरकडून आलेली, वजन २४ किलो. आम्ही निफाडजवळ राहतो, आणि निफाडची थंडी काय असते ते नाशिककडच्यांना सांगायला नको. कारवानीच्या अंगावर केस अगदी बारीक आणि आखूड, चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे डिसेंबरात पहाटे साडेपाचला द्राक्षाच्या बागेतून फिरायला नेलं की ती अक्षरशः थरथरते. कोट पाहिजेच होता.

दुकानातल्या कोटाचं गणित असं की साईज पाठीच्या लांबीवर असते. हरणीची लांबी बघून २४ इंची आणला तर छातीचा पट्टा लागेचना, चार बोटं कमी पडत होता. मग छाती बघून २८ इंची आणला, तर छाती बसली पण पाठ शेपटीच्या पार पलीकडे गेली, खाली बसली की मागची कड ओली व्हायची. कारवानीची छाती खोल, पोट एकदम आत गेलेलं, मान लांब आणि बारीक. एकाच आकड्यावर साईज ठरवली की असा कुत्रा त्यात बसतच नाही, म्हणून मान, छातीचा घेर आणि पाठीची लांबी ही तिन्ही मापं वेगवेगळी लागतात.

आता माझी चूक. पहिली मापं मी घेतली तेव्हा घरी कोणी नव्हतं म्हणून हरणीला बसवून घेतली, कारण बसली की ती हलत नाही. पाठ आली ६७. नंतर आमच्या अण्णांनी तिला पुढून धरलं आणि उभं करून घेतली तर ६३! चार सेंटीमीटरचा फरक, टेप तीच, कुत्रा तोच. बसल्यावर पाठीचा कणा गोल होतो, कमरेकडचा भाग खाली वळतो आणि शेपटीचं मूळ लांब जातं, त्यामुळे वरून टेप धरली की जास्त भरते. आणि छाती तर बसल्यावर दर वेळी वेगळीच येत होती, पुढचे पाय थोडे इकडेतिकडे झाले की कोपर टेपला ढकलतं.

पण उभं करणं म्हणजे नुसतं उभं करणं नाही हेही कळलं. फरशीवर तिचे पाय घसरतात आणि ती चारी पाय फाकवून उभी राहते, त्यात छाती खाली येते. मग सतरंजी टाकली. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे फार मागे ताणलेले नकोत, मान सहज समोर, म्हणजे जमिनीकडे वाकलेली नको आणि आभाळाकडेही नको. अण्णा तिच्या नाकासमोर भाकरीचा तुकडा धरून उभे राहिले, तिच्या नाकाच्या उंचीलाच, वर धरला की मान ताणते. आणखी एक, ती टेपला घाबरत होती. घाबरली की शेपटी पायात घालते आणि पाठीला कुबड काढते, आणि तेव्हा लांबी पुन्हा दोन सेमी वाढलेली. म्हणून दोन दिवस टेप नुसती तिच्या ताटाशेजारी ठेवली, अंगावरून फिरवली, तिसऱ्या दिवशी शेपटी सैल सोडून उभी राहिली तेव्हाच मापं लिहून घेतली. प्रत्येक माप तीनदा घेतलं, आणि पळून आल्यावर लगेच नाही, धापा टाकत असताना छातीचा घेर वरखाली होत राहतो.

मानेचं माप हा सगळ्यात फसवा भाग आहे कारवानीत. तिचा पट्टा मानेच्या वरच्या टोकाला, कानांच्या मागे असतो, तिथे मान ३१ आहे. पण कोट काही तिथे बसत नाही, तो मान जिथे खांद्यांना मिळते तिथे बसतो आणि तिथला घेर ३९ आहे. मी एक लोकरीचा धागा मानेत सैल बांधून खाली सोडला, तो जिथे आपोआप टेकला ती मानेची खालची रेघ धरली. आणि पाठीची लांबी त्याच धाग्यापासून मोजायची, शेपटीच्या मुळापर्यंत, शेपटी त्यात नाही. वरच्या पट्ट्यापासून मोजली असती तर पंधराएक सेमी जास्त आली असती, तेवढ्यात कोट पूर्ण वाया.

छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, बरगड्या सगळ्यात खोल असतात तिथे. टेप खाली सैल लोंबायला नको आणि केसांत रुतायलाही नको. हरणीचा ६८ आला.

तर आकडे: मान ३९, छाती ६८, पाठ ६३.

यात ढिलाई किती धरायची, इथे माझं एक ट्रायल बिघडलं. टेपखाली दोन बोटं घालून माप घेतलं होतं म्हणजे ७२ आलं होतं, त्यात पुन्हा कागदावर ४ वाढवले, आणि कोट ७६ चा झाला, पट्टा खाली लोंबत होता. एकतर बोटं घालून मोजा नाहीतर अंगालगत मोजून नंतर वाढवा, दोन्ही नको. मी आता अंगालगतच घेते, कारण माझी बोटं आणि अण्णांची बोटं सारखी नाहीत.

दुसरं म्हणजे कापडाची जाडी. आत फ्लीस, वर टेरिकॉट, मिळून साधारण अर्धा सेंटीमीटर जाड होतं. ऐकायला काहीच नाही पण ती जाडी गोल फिरते, जाडीच्या सहापटीहून थोडं जास्त आतल्या घेरातून जातं, म्हणजे अर्ध्या सेमीला तीन सेमी. म्हणून छाती ६८, अधिक ढिलाई ४, अधिक कापडाचे ३, असं बाहेरचं कापड ७५ कापायचं ठरलं. रजईसारखं जाड कापड घेतलं तर हा आकडा अजून वाढणार. लांबीत मात्र उलट, ३ कमी करून ६० ठेवली, म्हणजे शेपटी वर उचलता येते आणि मादी असल्यामुळे लघवीला बसताना मागची कड वाचते. नर असेल तर पोटाखालचा भाग आखूड ठेवावा लागेल, त्याचा त्रास तिथे असतो.

मग जुन्या चादरीचं ट्रायल. एकेरी कापड म्हणून छाती ७२, मान ४२ (३९ मध्ये ३ ढिलाई), धावदोरा घालून अंगावर चढवलं. उभी असताना इतकं छान बसलं की मला वाटलं झालंच काम. मग पाण्याचं भांडं ठेवलं आणि तिने मान खाली घातली, कोट सरकून कानांपर्यंत! मान वर केली तरी मागे गेला नाही, आणि पुढून गळ्याला काचत होता.

मला वाटलं मान सैल झाली म्हणून ४० केली, तर काचणं अजून वाढलं. दोन संध्याकाळी यात गेल्या. मग आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांना दाखवलं. त्यांनी आयुष्यात कुत्र्याचं काही शिवलेलं नाही, पण बघितल्या बघितल्या म्हणाले, "अगं ताई, घेर बरोबर आहे, गळा चुकलाय. पुढून उतरव." मी गळा सरळ गोल कापला होता. कुत्र्याची मान काही खांबासारखी उभी नसते, ती तिरकी पुढे येते, त्यामुळे गळ्याची वरची बाजू आखूड आणि छातीकडची बाजू खोल पाहिजे. परत ४२ केला, पुढून ६ सेमी उतरवला, वरून तेवढाच भरून घेतला. आकडा तोच, आकार बदलला, आणि भांड्यातून पाणी पिऊन झालं तरी कोट जागेवर.

आता पोटाखालचा पट्टा. पट्टा काखेत नको, कोपराच्या मागे चार सेमी सोडून, नाहीतर चालताना घासतो. पण कारवानीच्या बरगड्या तिथून मागे झपाट्याने निमुळत्या होतात, कमर तिची फक्त ४७ आहे. म्हणजे ६८ ला बरोबर असलेला पट्टा चार पावलांत मागे घसरतो, तिथे सैल पडतो आणि मग सगळा कोट एका कुशीवर फिरतो. मी तो घट्ट करत गेले, पण घट्ट केला की अजूनच मागे पळतो, कारण निमुळत्या बाजूला जायला त्याला सोपं जातं. याला इलाज एकच सापडला, गळ्याच्या पुढून एक पट्टी दोन पायांच्या मधून खाली आणून पोटाच्या पट्ट्याला जोडायची, ती त्याला पुढे धरून ठेवते. त्यासाठी एक चौथं माप घेतलं, पुढच्या धाग्यापासून पायांमधून कोपराच्या मागच्या चार सेमीपर्यंत, अर्थात उभं असतानाच. ते ३४ आलं. पट्टीची रुंदी पायांमध्ये फक्त ८ ठेवली, छाती अरुंद आहे, जास्त ठेवली की दोन्ही बाजूंनी घासते.

वेल्क्रो पोटाखाली नाही लावला, बरगडीच्या बाजूला लावला, आणि खरखरीत बाजू बाहेरच्या दिशेला, म्हणजे केस अडकत नाहीत. एकावर एक आठ सेमी ठेवलाय, त्यामुळे जेवणानंतर किंवा वजन थोडं वाढलं तर सैल करता येतो.

खरा कोट मागच्या शनिवारी पूर्ण झाला. रविवारी पहाटे तासभर फिरवून आणलं आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी पाय उचलून काख बघितली. उजवीकडे केस चपटे झालेले आणि कातडी हलकीशी गुलाबी. डावीकडे काही नाही. म्हणजे माप नाही, शिवणीची कड आत आली होती, उजवीकडचा दाब मी जाड ठेवला होता. तो उसवून पातळ केला आणि बायस पट्टी लावली, परवा बघितलं तर गुलाबीपणा गेलाय, केस अजून थोडे चपटे आहेत. दर फेरीनंतर बघतेय.

शेजाऱ्यांनी त्यांच्या पगचीही मापं घ्यायला सांगितलीत, काल उभं करून घेतली: मान ३८, छाती ५४, पाठ २९. त्याच्यासाठी गळ्यातून डोकं घालायचा नाही, पुढून उघडणारा कोट करून बघणार आहे. त्याचं ट्रायल या रविवारी, चादर उरलीय अजून अर्धी.