रेझ्युमेतलं 'लेड' किती खरं? क्यूएची जागा भरतानाचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या डेप्युटी मॅनेजरची जागा भरायची होती आणि रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे होतं. खरी अट एकच: अमेरिकेची औषध नियामक संस्था यूएसएफडीएच्या इन्स्पेक्शनमध्ये जबाबदारी पेललेला माणूस हवा. साहजिकच बहुतेक रेझ्युमेंत 'लेड यूएसएफडीए इन्स्पेक्शन' ही ओळ होती.

अशा ओळीत मी क्रियापदाआधी कर्म बघतो. नक्की काय लेड केलं? इन्स्पेक्शनच्या वेळी फ्रंट रूममध्ये इन्स्पेक्टरला उत्तरं देणारे बसतात. बॅक रूममध्ये मागितलेली कागदपत्रं शोधून, तपासून पुढे पाठवली जातात. एक जण प्रश्न टिपून घेतो, एक जण इन्स्पेक्टरसोबत प्लांटभर फिरतो. यातल्या कुणीही 'लेड' लिहिलं तर ते अगदी धादांत खोटं ठरत नाही, पंचाईत तीच आहे.

एका उमेदवाराचा अनुभव चार वर्षांचा, हुद्दा एक्झिक्युटिव्ह. 'लेड'च्या खालच्या ओळी मात्र लॉगबुक सांभाळण्याच्या आणि बॅच रेकॉर्ड तपासण्याच्या. फोनवर विचारलं, "एखादा कागद इन्स्पेक्टरपुढे न्यायचा की नाही, हे कोण ठरवायचं?" उत्तर आलं, "साहेब ठरवायचे, मी काढून द्यायचो." म्हणजे बॅक रूम त्यानं चालवली होती. काम चोखच, पण निर्णय त्याचा नव्हता.

दुसरा रेझ्युमे एका बाईंचा. त्यात अकरा वर्षांचा अनुभव आणि साधी ओळ: 'सपोर्टेड साइट हेड इन ४८३ रिस्पॉन्स'. चाळणी करणारा घाईत असेल तर इथेच पान उलटतो. फॉर्म ४८३ म्हणजे इन्स्पेक्शन संपताना हातात पडणारी त्रुटींची यादी. तिचं उत्तर १५ कामकाजी दिवसांत जाणं अपेक्षित असतं, उशीर झाला तर वॉर्निंग लेटरचा निर्णय त्या उत्तराची वाट न बघताही होऊ शकतो. बाईंनी पुढे लिहिलं होतं की मूळ कारणांचा शोध, कापा म्हणजे त्रुटी दुरुस्त करण्याचे आणि ती पुन्हा होऊ नये यासाठीचे उपाय, आणि सहा महिन्यांनी तो कापा लागू पडला का याची तपासणी त्यांच्याकडे होती. सही साइट हेडची होती, म्हणून 'सपोर्टेड'. फोनवर त्यांनी आपणहून सांगितलं की प्रॉडक्शनला नको असलेली एक दुरुस्ती त्यांनी उत्तरात ठेवायला लावली आणि त्यासाठी लाइन थांबवावी लागली.

'असिस्टेड'चं तसं सोपं असतं. ट्रेनीच्या काळात ते असणारच. उलट पहिल्या नोकरीपासून सगळीकडे 'लेड'च दिसलं, तर ओळी कुणी तरी नंतर घासूनपुसून दिल्या असाव्यात, असं मी धरून चालतो. कन्सल्टंटकडून आलेल्या रेझ्युमेंत हे फार. खऱ्या चढत्या अनुभवात हुद्द्याबरोबर क्रियापदंही बदलत जातात.

शंका उरलीच तर मी एवढंच विचारतो: तुम्ही रजेवर गेलात की काय अडायचं? पहिला म्हणाला, फाइली मिळायला वेळ लागायचा. बाई म्हणाल्या, डेव्हिएशन, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याच्या नोंदी, बंद व्हायची नाहीत. मुलाखतीला बाईंना बोलावलं. त्याचं नाव सीनियर एक्झिक्युटिव्हच्या यादीत टाकलं.