गोठलेल्या कड्याची नोंदवही: वाळू झाली, आता खाडीचं पाणी

मंडळी, जमीन गोठवून पाणी अडवायचा प्रयोग ज्यात चालू आहे ते ऐरोलीच्या गॅलरीतलं पिंप आता नीट चालतंय. गोड्या पाण्याच्या वाळूत बर्फाचं कडं पुरतं मिटलं आणि खाऱ्या पाण्यातही, पण ते मिटायला ज्या तऱ्हेने वेळ लागला त्यावरच आजची सगळी नोंद आहे. मुख्य प्रश्न एकच आहे. जमिनीखाली दिसत काहीच नसताना भिंत मिटली हे ओळखायचं कसं?

आपल्यात नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाण्याने भरलेल्या मातीत शाफ्ट, म्हणजे उभा खोल खड्डा, खणायचा असेल, किंवा दोन बोगद्यांना जोडणारा क्रॉस पॅसेज काढायचा असेल, तर भोवती नळ्या घालून त्यांतून थंडगार ब्राइन, म्हणजे सहज न गोठणारं खारं पाणी, फिरवतात. प्रत्येक नळीभोवती गोठलेल्या मातीचा खांब वाढतो, शेजारचे खांब एकमेकांना भिडतात आणि बंद कडं तयार होतं. मग त्याच्या आत कोरडं खणायचं. जर्मनीत पोएत्श यांनी १८८३ मध्ये याचं पेटंट घेतलं ते खाणीच्या शाफ्टसाठी. मूळ कल्पना आजही तीच आहे: ब्राइन साधारण उणे २५ ते उणे ३० अंशांचं, नळ्यांत अंतर मीटरभर. घाई असेल किंवा जमिनीतलं पाणी वाहतं असेल, तर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. तो आपल्या गॅलरीत येणार नाही, सौ.नी तसं स्पष्ट सांगितलं आहे.

माझ्या मांडणीत पिंपात संपृक्त वाळू आहे. त्यात २४ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळावर बारा मिलिमीटरच्या आठ तांब्याच्या नळ्या उभ्या आहेत. प्रत्येक नळी म्हणजे नळीत नळी: आतल्या बारीक नळीतून ब्राइन तळाशी जातं आणि बाहेरच्या फटीतून वर येतं. दोन नळ्यांमधलं अंतर साधारण ९ सेंटीमीटर. नळ्या थेट तळाला टेकतात, म्हणजे कड्याखालून पाणी शिरायला वाट नाही. खऱ्या कामातही शाफ्टचं कडं खालच्या घट्ट चिकणमातीत किंवा खडकात रुतवावं लागतं, नाहीतर भिंत मिटूनही पाणी तळातून वर येतं. ब्राइनमध्ये वजनाने पाव भाग कॅल्शियम क्लोराइड आहे, त्याचा गोठणबिंदू उणे २९ च्या आसपास येतो. गारवा देणारं युनिट जुन्या आइस्क्रीम फ्रीझरचं, तुर्भ्याच्या भंगारातून आणलेलं.

मीटरभर अंतराच्या जागी ९ सेंटीमीटर घेतले की वेळ सरळ प्रमाणात कमी होत नाही, अंतराच्या वर्गाने कमी होतो. अकरा पट लहान अंतर म्हणजे सुमारे १२० पट कमी वेळ. प्रत्यक्ष जागेवर दोन आठवड्यांत जे घडेल ते माझ्याकडे तीनेक तासांत घडायला हवं. घडलं मात्र सहा तासांत, आणि कारण ब्राइनच्या टाकीत दिसलं. सुरू करताना टाकी उणे २० ला होती, तासाभरात ती उणे ११ वर चढली. पहिल्या टप्प्यात माती इतकी उष्णता ओतते की एवढंसं युनिट पुरं पडत नाही. मोठ्या प्लांटवरही सर्वांत जास्त भार असतो तो भिंत बनताना, ती टिकवायला त्याहून बराच कमी गारवा लागतो.

आपल्या हवेत हे आणखी जाणवतं. चाळीस टक्के सच्छिद्रतेच्या एका घनमीटर वाळूत चारशे किलो पाणी असतं, ते गोठवायला १३४ मेगाज्यूल काढून घ्यावे लागतात. पण आधी सगळं शून्यावर आणावं लागतं. जमीन दहा अंशांची असेल तर त्याला २८ मेगाज्यूल पुरतात, सत्तावीस अंशांची असेल तर ७६. शिवाय भोवतालची ऊबदार जमीन सतत उष्णता आत ढकलत राहते, ती वेगळीच. युरोपातल्या कामांचे दिवस मोजून नवी मुंबईचं वेळापत्रक बांधता येणार नाही ते यामुळे.

आता मुख्य मुद्दा. माझे तापमापक दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये आहेत, कारण तीच जागा सर्वांत शेवटी गोठते. पण कड्याला आठ फटी, आणि प्रत्येक फटीत वरपासून खालपर्यंत कुठेही छिद्र राहू शकतं. तापमापक फक्त स्वतःच्या जागेबद्दल बोलतो. म्हणून कड्याच्या मधोमध एक छिद्रांची पारदर्शक नळी उभी केली आहे. तिच्यात पाण्याची पातळी दिसते, तशीच दुसरी नळी कड्याबाहेर आहे. माझा मेहुणा बर्फाच्या कारखान्यात लाद्या काढतो. तो बघायला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, थर्मामीटर सोडा, पाणी काय करतंय ते बघा." अगदी तेच करायचं होतं.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. कडं उघडं असतं तोवर ढकललं गेलेलं पाणी फटीतून बाहेर निसटतं आणि दोन्ही नळ्यांत पातळी सारखीच राहते. शेवटची फट मिटली की आतलं पाणी अडकतं. त्यानंतर बर्फ आत सरकेल तसं पाण्याला फक्त वर जायची वाट उरते. माझ्या पिंपात भिडल्यानंतर आतला गाभा साधारण साडेसात सेंटीमीटर त्रिज्येचा उरतो. बर्फ आणखी एक सेंटीमीटर आत आला, तर तीस सेंटीमीटर खोलीत जवळपास पन्नास घनसेंटीमीटर जादा जागा लागते. उरलेल्या गाभ्याच्या छिद्रांत ते पाणी मावायला पातळी साधारण एक सेंटीमीटर चढावी लागते. गोड्या पाण्यात नेमकं तसंच झालं. सहाव्या तासापर्यंत दोन्ही नळ्या बरोबरीत होत्या, मग आतली एकटीच चढू लागली. खात्रीसाठी बाहेरचं पाणी दोन सेंटीमीटर उतरवलं, आतलं हललं नाही.

शाफ्टमध्ये मधल्या बोअरमध्ये हीच खूण पाहतात. क्रॉस पॅसेजमध्ये वर उघडी जागा नसते, म्हणून बोगद्याच्या अस्तरातून मध्यभागी एक नळी घालून तिला दाबमापक आणि व्हॉल्व्ह लावतात. दाब चढला म्हणजे कडं मिटलं. मग व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा आणि पाणी वाहायचं थांबतं का ते पाहायचं. थोडं येऊन थांबलं तर ठीक. येतच राहिलं तर कुठेतरी खिडकी उघडी आहे, आणि खणायला हात लावायचा नाही.

आता खारं पाणी. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातलं, म्हणजे समुद्राइतकं. असं पाणी उणे १.९ ला गोठायला लागतं, पण तिथे संपत नाही. बर्फ मीठ आत घेत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी आणखी खारट होतं आणि आणखी थंडी मागतं. हिशोब केला तेव्हा मी दोनदा तपासला: उणे २.५ अंशांना छिद्रांतलं तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी अजून द्रवच असतं. उणे ५ ला चाळीस टक्क्यांहून थोडं जास्त, उणे १० ला एक पंचमांशाहून किंचित अधिक. म्हणजे शून्याची रेषा, किंवा उणे दोनची रेषा, खाऱ्या जमिनीत भिंतीची कड मानता येत नाही.

पिंपात हे स्वच्छ दिसलं. आठही फटींत तापमान उणे अडीचवर आलं. गोड्या पाण्यासाठी मी तिथे टाळ्या वाजवल्या असत्या. बाहेरची पातळी दोन सेंटीमीटर उतरवली, तर आतलीही हळूहळू मागोमाग उतरली. सळईने टोचलं तर फटीतली वाळू ओल्या साखरेसारखी लागत होती. फटी उणे सहाच्या जवळ गेल्या तेव्हा कुठे आतलं पाणी स्वतंत्र झालं आणि चढू लागलं, आणि तेही गोड्या पाण्यापेक्षा संथ, कारण बर्फ एकदम न होता थोडाथोडा होत राहतो.

यापुढे एक जास्त महत्त्वाची गोष्ट कळली. दोन्ही प्रकारांत कडं पक्कं झाल्यावर पंप आणि युनिट बंद करून ठेवलं, जणू वीज गेली. गोड्या पाण्याची भिंत लवकर शून्याजवळ आली आणि तिथे बराच वेळ थांबली. बर्फ वितळायला उष्णता लागते, तोवर तापमान पुढे सरकत नाही आणि भिंत बरीचशी शाबूत असते. खाऱ्या भिंतीला असा थांबा नाही. उणे आठवरून उणे सात, सहा, पाच अशी ती तापत जाते आणि प्रत्येक अंशाला थोडा बर्फ पाणी होतो. तापमापकावर अजून उणे चार दिसतं आणि भिंत मात्र गेलेली असते.

शांघाय मेट्रोच्या चौथ्या मार्गिकेवर १ जुलै २००३ ला झालेला अपघात म्हणूनच वाचण्यासारखा आहे. हुआंगपू नदीलगत गोठवलेल्या मातीत क्रॉस पॅसेजचं काम चालू होतं. काही दिवस आधी गारव्याची यंत्रणा बिघडली, मातीचं तापमान चढू लागलं, तरी काम थांबलं नाही. दाबाखालचं पाणी वाळूसकट आत घुसलं, बोगद्याचं मोठं नुकसान झालं आणि वरच्या इमारती खचल्या. जीवितहानी झाली नाही. सुट्या गारवा-युनिटला आणि जनरेटरला लोक जादा खर्च समजतात, तिथे मला हा अपघात आठवतो.

क्रॉस पॅसेजमध्ये मला जास्त धास्ती वाटते ती पलीकडच्या टोकाची. नळ्या एका बोगद्यातून दुसऱ्याकडे ओढलेल्या असतात. दुसऱ्या बोगद्याचं अस्तर आतल्या उबदार हवेला चिकटलेलं असतं आणि ते उष्णता थेट मातीत पोचवतं. माती आणि अस्तर यांच्या सांध्यात भिंत सर्वांत पातळ राहते. म्हणून त्या बाजूला आतून थर्मल इन्सुलेशन करतात आणि अस्तरावरच वेगळ्या ब्राइनच्या नळ्या बसवतात. हे पिंपात दाखवायला एका बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा लावून त्यामागे पंखा सोडायचा विचार आहे.

काही जणांनी विचारलं होतं की ठाणे खाडीखालून बुलेट ट्रेनचा सात किलोमीटरचा बोगदा जातो, तिथे हे लागेल का. खोलवर आपल्याकडे बहुतेक बेसॉल्टच आहे, आणि खडकातल्या भेगांसाठी ग्राउटिंग, म्हणजे भेगांत सिमेंटचा घोळ दाबून भरणं, सोपं पडतं. गोठवण्याची वेळ येईल ती वरच्या मऊ समुद्री चिकणमातीत. ती माती वाळूसारखी वागत नाही, गोठताना पाणी ओढून घेऊन बर्फाचे पापुद्रे बनवते, त्यामुळे जमीन वर उचलली जाते आणि वितळताना पुन्हा खचते.

म्हणून पुढचा भराव चिकणमातीचा. कांदळवनातला गाळ उचलायचा नाही, कुणी तसं सुचवू नका. घणसोलीत एका इमारतीच्या पायलिंगमधून निघालेली काळी माती मिळतेय, दोन गोण्या बोलून ठेवल्या आहेत. पृष्ठभाग किती उचलला जातो ते मोजायला डायल गेज हवं. कुणाकडे ०.०१ मिलिमीटरचं पडून असेल तर कळवा, पिंपाच्या काठावर पट्टी आडवी टाकून ते बसवता येईल.