पिवळ्या मंडपातला पांढरा बॅज

सांगली, शनिवार, रात्र

हळद आणि बेदाणा प्रक्रियेच्या यंत्रांच्या प्रदर्शनाचा आजचा दुसरा दिवस संपला. प्रवेशाची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे दोन दिवस मी यंत्रांपेक्षा लोकांच्या गळ्यांकडेच अधिक पाहिले आहे. आमचे बॅज तीन रंगांचे आहेत. पांढऱ्या बॅजवर सर्वसाधारण दालनांत फिरता येते, हिरव्यावर त्याशिवाय कार्यशाळेत बसता येते आणि पिवळ्यावर लाउंजमध्ये जाता येते, जिथे स्टॉलधारक आणि बाहेरगावचे खरेदीदार चहा घेत सौद्याचे बोलतात. रंग ठेवण्यामागे हेतू एवढाच की, दारावरच्या माणसाला कोणालाही न थांबवता आठ-दहा फुटांवरूनच निर्णय घेता यावा.

पिवळे बॅज आम्ही एकूण १४० दिले होते. तरी काल दुपारी एकपर्यंत लाउंजमध्ये ३०० कप चहा गेला. एक माणूस दोन-तीन कप घेतो, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. पण आज अकराच्या सुमारास आत डोकावलो तेव्हा बसायला खुर्ची नव्हती आणि एका कोपऱ्यात शाळेच्या सहलीचे शिक्षक निवांत बिस्किटे खात होते. दारावरच्या रक्षकमामांना मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, इथं उभं राहून तुम्हीच बघा. मला तरी सगळे सारखेच दिसायला लागलेत." मी उभा राहिलो आणि मलाही पांढरा कोणता, पिवळा कोणता हे सांगता येईना.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने दोन्ही रंगांचे कोरे बॅज उन्हात नेऊन धरले, तेव्हा उलगडा झाला. लाउंजच्या दारावर मंडपवाल्याने शोभेचे पिवळे कापड ताणले आहे. दुपारचे ऊन त्यातून खाली येते तेव्हा त्यातला निळा भाग कापडातच अडतो. पांढरा कागद पडेल तोच प्रकाश परत पाठवतो, आणि पिवळा कागद फक्त निळा तेवढा गिळतो. निळाच नसेल तर दोघांत फरक उरत नाही. हिरवा मात्र तिथेही वेगळा दिसत होता, म्हणून कार्यशाळेच्या दारावर ही तक्रार आलीच नाही. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, गुरुवारी आम्ही बॅजची रीतसर चाचणी घेतली होती, पण रात्री आठ वाजता, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात.

नवे बॅज छापायला वेळ नव्हता. मग आम्ही लाउंजच्या दारावर यादी आणि कात्री घेऊन बसलो आणि पिवळा बॅजधारक आला की नाव पडताळून त्याच्या बॅजचा उजवा वरचा कोपरा कापू लागलो. कापलेला कोपरा कोणत्याही उजेडात दिसतो, बॅज गळ्यात उलटा फिरला तरी कळतो. (काही प्रतिष्ठितांना आपला बॅज कापला जाणे अपमानाचे वाटले, एकाने तर तो खिशात घातला आणि चहाच नाकारला.) तीनपर्यंत ११८ कोपरे कापून झाले आणि लाउंजमध्ये खुर्च्या दिसू लागल्या. आतून बॅज कनातीवरून भाच्याच्या हाती देणारे एक गृहस्थही सापडले; त्यावर उपाय एकच, बॅजवरचे नाव झाकून माणसाला ते विचारणे.

कार्यशाळेचा घोळ निराळा होता आणि तो रंगाने सुटणारा नव्हता. खोलीत ८० खुर्च्या, दोन दिवसांत चार सत्रे, म्हणजे ३२० जागा. म्हणून २४० हिरवे बॅज दिले, तेव्हा आम्हाला ते पुष्कळ सावध वाटले. पण काल बेदाण्याच्या प्रतवारीच्या सत्राला १३० जण एकदम आले आणि पुढच्या सत्राला जेमतेम चाळीस. हिरवा रंग 'याला कार्यशाळेचा हक्क आहे' एवढेच सांगतो, 'याची खुर्ची या सत्रात आहे' हे सांगत नाही. आज सकाळपासून प्रत्येक सत्राच्या एक तास आधी ८० चिठ्ठ्या वाटल्या आणि सुरू होताना रिकाम्या उरलेल्या खुर्च्या पांढऱ्या बॅजवाल्यांना खुल्या केल्या. हळद पॉलिशच्या सत्राला चिठ्ठीवाले ६७ आले, त्यामुळे बाहेर ताटकळलेल्या तेरा जणांना आत बसता आले.

मंडपवाला उद्या सकाळी सातला येऊन लाउंजच्या दारावर पांढरे कापड लावणार आहे. ते लागले तरी दुपारी बारा वाजता दोन्ही बॅज हातात घेऊन मी मामांच्या जागी उभा राहणार आहे.