पुरसीस दिली, पण वारस लागले नाहीत

धुऱ्याचा दावा बाबांनी एकट्याच्या नावानं टाकला होता. शेजारच्यानं आमच्या वावराची उत्तरेकडची पट्टी नांगरून आत घेतली होती. मोजणीत ते निघालं आणि ताबा परत मिळावा म्हणून तालुक्याच्या कोर्टात दावा लागला. तो पुराव्याला आला असतानाच, 3 नोव्हेंबर 2023 ला, बाबा नागपूरच्या दवाखान्यात वारले.

जमिनीवरचा हक्क माणसाबरोबर संपत नाही, वारसांकडे येतो. म्हणून असा दावा पुढे चालवता येतो. पण वारसांची नावं आपोआप लागत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 नियम 3 प्रमाणे त्यासाठी अर्ज द्यावा लागतो आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद 120 नुसार त्याला मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात. मृत्यूचा दिवस सोडून मोजायचं. आमचे 90 दिवस 1 फेब्रुवारी 2024 ला संपत होते. ही तारीख आम्हाला कुणी वेळेत सांगितली नाही, आणि मला अजूनही राग आहे तो याचाच.

12 डिसेंबरच्या पेशीला वकिलांनी बाबा मयत झाल्याची पुरसीस दिली. पक्षकार वारल्याचं कळलं की कोर्टाला कळवणं वकिलाचं कामच आहे, ते त्यांनी केलं. रोजनाम्यात ‘वारस रेकॉर्डवर घेण्यासाठी’ असं लिहून पुढची तारीख 22 फेब्रुवारी पडली. घरी सगळ्यांनी धरलं की कोर्टानंच फेब्रुवारीपर्यंत वेळ दिला आहे. तिथंच घात झाला. पुरसीस ही फक्त माहिती असते, अर्ज नव्हे. आणि पेशीची तारीख पुढे गेली म्हणून 90 दिवस पुढे जात नाहीत. 1 फेब्रुवारी उलटली आणि दावा अबेट झाला, म्हणजे वारस लावले नाहीत म्हणून कायद्यानंच तो संपला. त्यासाठी न्यायाधीशांना हुकूम लिहावा लागत नाही, मुदत संपली की ते आपोआप होतं. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण बोर्डावर दावा चालूच दिसतो.

या मधल्या काळात आम्ही तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी फिरत होतो. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नावं आली, काम झालं असं वाटलं. पण महसुलातली नोंद वेगळी आणि दाव्यातला पक्षकार वेगळा. सातबाऱ्यावर नाव चढलं तरी दाव्यात वादी मयतच राहतो. वारस लावायला कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आधी काढावं लागतं, असंही एकानं सांगितलं होतं. लागत नाही. दाव्यातले वारस कोण याबद्दल वाद निघालाच, तर तेच कोर्ट त्याच दाव्यापुरता तो ठरवतं.

22 फेब्रुवारीला वारसांचा अर्ज दिला, म्हणजे 21 दिवस उशिरा. 14 मार्चला समोरच्यांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आलं: दावा अबेट झालेला आहे, अर्ज फेटाळावा. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. अबेट झालेला दावा उठवण्यासाठी अनुच्छेद 121 नुसार आणखी 60 दिवस असतात. ते आमच्यासाठी 1 एप्रिलपर्यंत होते. ‘अबेटमेंट रद्द करा’ एवढा अर्ज 14 मार्चनंतर लगेच दिला असता, तर तो मुदतीत बसला असता. उशीर का झाला याचं पुरेसं कारण तेव्हाही सांगावंच लागलं असतं, पण विलंब माफीचा वेगळा अर्ज लागला नसता. आम्ही पुढच्या पेशीची वाट पाहिली. ती 18 एप्रिलला होती. असा अर्ज पेशी नसतानाही दाखल करता येतो, हे मला त्या दिवशी समजलं. सतरा दिवस आणखी गेले होते.

म्हणून तीन अर्ज झाले: विलंब माफीचा मुदत कायद्याच्या कलम 5 खाली, अबेटमेंट रद्द करण्याचा, आणि वारसांचा आधीचा. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मिठाईलाल दलसांगर सिंग विरुद्ध अन्नाबाई देवराम किणी या निकालात म्हटलं आहे की वारस लावण्याच्या विनंतीतच अबेटमेंट रद्द करण्याची विनंती धरता येते. आमच्या वकिलांनी तो निकाल दाखवला. तरी त्याच्या भरवशावर राहू नका, उशीर झाला असेल तर तिन्ही विनंत्या स्पष्ट लिहा.

विलंबाच्या अर्जात पहिल्यांदा ‘शेतीच्या कामामुळे उशीर झाला’ एवढंच लिहिलं होतं. ते मीच खोडायला लावलं, कारण कापूस वेचणी सगळ्यांचीच असते. नव्या शपथपत्रात तारखा घातल्या: कोणत्या दिवशी पुरसीस दिली, रोजनाम्यात काय लिहिलं गेलं, कोणत्या दिवशी नागपूरला मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो, आई कधी आजारी होती. रोजनाम्याची प्रमाणित नक्कल आणि आईच्या उपचारांचे कागद जोडले. कोर्ट दिवस किती गेले यापेक्षा कारण खरं आहे का आणि हयगय झाली का, हे बघतं.

दाखल्याचं सांगायचं राहिलं. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. आम्ही गावच्या ग्रामपंचायतीत विचारत राहिलो आणि नोंद होती नागपूर महानगरपालिकेत. पण दाखला हाती नाही म्हणून अर्ज थांबवू नका. शपथपत्रावर अर्ज द्या, दाखला मागून लावा.

वारसांच्या यादीतही एक चूक होती. आई, मी, धाकटा भाऊ आणि दिग्रसला दिलेली बहीण एवढीच नावं होती, आजी राहून गेली. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. लग्न झालेली मुलगी तर आहेच, तिनं तोंडी ‘मला काही नको’ म्हटलं तरी तिचं नाव टाकायचं. एखादा वारस वकीलपत्रावर सही करायला तयार नसेल, तर त्याला प्रतिवादी म्हणून घेता येतं. वारस लहान असेल तर त्याच्यातर्फे मोठा माणूस दाखवावा लागतो. आणि सगळ्यांनी नवीन वकीलपत्र द्यायचं, बाबांचं त्यांच्याबरोबर संपलं.

एवढी घाई कशासाठी, तर अबेटमेंट उठलं नाही तर त्याच कारणावर नवा दावा टाकता येत नाही. पट्टी कायमची गेली असती.

11 जुलैला तिन्ही अर्ज खर्चाच्या अटीवर मंजूर झाले. खर्च त्याच आठवड्यात भरून पावती लावली. हुकूम झाला म्हणून नावं लागली असं इथंही नसतं, मूळ दाव्यात दुरुस्ती करावी लागते. हुकूमात दिवस दिलेले नसतील तर 14 दिवसांत, म्हणजे आमच्यासाठी 25 जुलैपर्यंत. बाबांच्या नावापुढे ‘मयत, तर्फे वारस’ लिहून 1-अ ते 1-इ अशी पाच नावं चढली, वकिलांनी सही केली, दुरुस्त दाव्याची प्रत समोरच्यांना दिली. ई-कोर्ट्सवर सीएनआर क्रमांक टाकून बघितलं तेव्हा आठवडाभर जुनंच नाव दिसत होतं. बाबूंना हुकूमाची तारीख सांगून ते बदलून घेतलं, मगच साक्षीचं शपथपत्र तयार करायला घेतलं.