वर्कशॉपच्या माळ्याचा खांब : वरून पिन, खालून पक्का

मंडळी, मागच्या वेळी माळ्याची मागची बाजू भिंतीतल्या अँगलवर टेकवून झाली होती. पुढची तुळई १०० मि.मी. चॅनेलची, ४ मीटर लांब, दोन्ही टोकं भिंतीत. या तुळईच्या मध्यावर एकच पाईपचा खांब द्यायचा. हे दोन आठवडे पूर्ण या खांबावर गेले.

पाईप आधीच आणून ठेवला होता. ४० एनबी मीडियम, ग्रेड वायएसटी २१०. वर्निअरवर बाहेरचा व्यास ४८.३ आणि जाडी ३.२ मि.मी. भरली. त्यावरून छेदाचं क्षेत्रफळ ४५३ चौ.मि.मी. येतं, I म्हणजे जडत्वाघूर्ण सुमारे १,१५,९०० मि.मी.⁴ आणि घूर्णनत्रिज्या r सुमारे १६ मि.मी. खांबाची उंची बेस प्लेटपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत २८०० मि.मी.

माळा १.८ मीटर खोल आहे. सामान आणि स्वतःचं वजन धरून चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो, असा भार मी धरला. त्यातला निम्मा मागच्या भिंतीत जातो. पुढच्या तुळईवर आलेल्या भारापैकी मधला खांब पाच अष्टमांश उचलतो, कारण तुळई दोन गाळ्यांवर सलग आहे. हिशेब पावणेसात किलोन्यूटनच्या आसपास येतो. खांबाला एवढं पेलायचं आहे.

आधी टेबलावर पट्टीचा प्रयोग

पाईपला हात लावण्याआधी २५ × १ मि.मी.ची स्टीलची पट्टी घेतली. छोटा बेंचवाइस वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि पट्टी वाइसमध्ये घट्ट उभी धरली. वाइसच्या वर मोकळी लांबी ६०० मि.मी. होती. वरच्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवला. त्याला खाली व्ही आकाराची खाच आहे आणि तो दोन उभ्या पट्ट्यांच्या मधून फक्त वरखाली सरकतो. म्हणजे खालचं टोक पक्कं, वरचं टोक फिरू शकतं पण बाजूला जाऊ शकत नाही.

सरळ खांब कोणत्या भाराला बाजूला वाकतो, म्हणजे क्रिटिकल लोड Pcr किती, हे ऑयलरचं सूत्र सांगतं. या मांडणीसाठी ते असं बसतं:

```
tan(kL) = kL   →  kL = 4.493
Pcr = 20.19 EI / L²  =  π² EI / (0.699 L)²
```

पट्टीसाठी उत्तर २३.४ न्यूटन, म्हणजे २.३८ किलो. ठोकळा हळूहळू दाबत गेलो. दीड किलोपर्यंत पट्टी सरळच दिसत होती, मग किंचित फुगली, आणि काटा २.२ किलोवर जाऊन तिथेच थांबला. ठोकळा आणखी खाली दाबला तरी वाढतो तो पट्टीचा बाक, वजन वाढत नाही. काटा स्थिर आणि पट्टी धनुष्यासारखी होत जातेय, हे डोळ्यांनी बघितलं की क्रिटिकल लोड म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाकाचा आकारही नीट पाहा. सर्वात जास्त फुगवटा मध्यावर नसतो, वरच्या टोकापासून साधारण चार दशांश उंचीवर असतो. वाइसच्या वर तीन दशांश अंतरावर वक्रता उलटी फिरते. पिनपासून त्या उलट्या बिंदूपर्यंतची लांबी म्हणजेच सूत्रातलं ०.६९९ L.

नंतर बाजूच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. ठोकळाही काढला आणि पट्टीच्या टोकावर थोडी थोडी माती चिकटवत गेलो. सुमारे पावशेर माती होताच पट्टी एका बाजूला कलली आणि सावरली नाही. वरचं टोक मोकळं असताना हिशेबानं २९० ग्रॅम येतात. पट्टी तीच, वाइस तोच. वरची बाजूची अडण गेली आणि ताकद आठ पटींनी घटली. या एका निरीक्षणासाठी मी हा भाग एवढा लांबवला आहे, कारण पुढे खऱ्या खांबात मी नेमका तिथेच चुकलो होतो.

पाईपचा हिशेब

पाईपसाठी तेच सूत्र ५९.७ किलोन्यूटन देतं. हा आकडा मी वापरत नाही. ०.६९९ खरा तेव्हाच, जेव्हा खालची पकड तसूभरही फिरत नाही. प्रत्यक्षात बेस प्लेट थोडी वाकते आणि बोल्ट थोडे ताणतात. म्हणून पोलादी बांधकामाचा भारतीय कोड आयएस ८००:२००७ अशा खांबाला ०.८० L धरायला सांगतं. परिणामी लांबी २२४० मि.मी., भागिले १६, सडपातळपणा १४०. साध्या भारासाठी मर्यादा १८० आहे, त्यामुळे इथे पास.

०.८० नं ऑयलर ४५.६ किलोन्यूटनवर येतो. पण खरा पाईप काट्यासारखा सरळ कधीच नसतो. सुतळी ताणून पाहिली तर मध्यावर जवळजवळ ३ मि.मी. फट निघाली, म्हणजे लांबीचा हजारावा भाग. कोडमधले बकलिंग कर्व्ह साधारण एवढाच बाक गृहीत धरतात. कर्व्ह बी घेतला. खाली २१० हा पाईपचा यील्ड ताण आणि १००.५ हा ऑयलरचा ताण:

```
λ  = sqrt(210 / 100.5) = 1.446
φ  = 0.5 [1 + 0.34(λ − 0.2) + λ²] = 1.757
χ  = 1 / (φ + sqrt(φ² − λ²)) = 0.363
fcd = 0.363 × 210 / 1.1 = 69 MPa
```

परवानगीचा ताण त्याच्या ०.६ पट, म्हणजे सुमारे ४१.६. गुणिले ४५३, उत्तर १८.८ किलोन्यूटन. पावणेसातच्या समोर भरपूर. मी निश्चिंत झालो आणि खांब उभा केला.

चूक कुठे सापडली

खांब उभा करून ओळंबा लावला आणि वरच्या टोकाला हातानं ढकललं. टोक ओळंब्यापासून ४ मि.मी. सरकलं, माझ्याकडे आणि परत भिंतीकडे. तुळईची दोन्ही टोकं भिंतीत होती, पण नुसती टेकलेली, आणि वरच्या फळ्याही अजून स्क्रूशिवाय. म्हणजे खोलीच्या दिशेनं माझा खांब पिन-पक्का नव्हताच, माती लावलेल्या पट्टीसारखा होता. परिणामी लांबीचा गुणक K, जो आधी ०.८० होता, तो २ धरला तर सडपातळपणा ३५० आणि क्रिटिकल लोड फक्त ७.३ किलोन्यूटन. माझा भार ६.७५. सामान चढवलं असतं तर मी तेच सामान काढायला त्याच्याखाली गेलो असतो.

दुसरी गोष्ट खाली. बेस प्लेटचे चार अँकर बोल्ट शहाबादी फरशीत गेले होते, आणि फरशीखाली मुरूम. बोल्ट कितीही घट्ट असले तरी ती पकड पक्की धरता येत नाही. दोन्ही टोकं पिन धरून पाहिली: सडपातळपणा १७५, मर्यादेला अगदी चिकटून, आणि परवानगीचा भार १३ किलोन्यूटन. यातही भार बसतो, पण वरचं टोक अडवलेलं असेल तरच.

म्हणून आधी वरचं काम केलं. फळ्या तुळईला आणि मागच्या अँगलला स्क्रूनं जखडल्या, अँगल भिंतीला अँकरनं पक्का केला, आणि तुळईच्या टोकांना भिंतीत क्लीट बसवले. आता खांबाचं डोकं ढकललं तर ओळंबा हलत नाही. खाली फरशी फोडून ४५० मि.मी. चौरस, तेवढाच खोल काँक्रीटचा ठोकळा ओतला आणि त्यात १० मि.मी. प्लेट. वरचं टोक मात्र मुद्दाम पिनच धरतो, कारण चॅनेलच्या खालच्या पात्याला दोन छोटे बोल्ट आहेत आणि उघडा चॅनेल सहज पिळतो. तिथे पकड मोजणं चुकीचं ठरेल.

काँक्रीटला २८ दिवस देतोय. तोवर खांबाशेजारी लाकडी टेकू उभा आहे. पुढच्या नोंदीत पाण्याचे कॅन चढवून खांबाच्या मध्यावर नाही, तर वरून चार दशांश उंचीवर डायल गेज लावून बाक मोजणार आहे.