आमची वाटचाल : चोवीस दिवसांचा ऑगस्ट

बेळगावच्या रविवार पेठेत आमच्या वडिलांचे किराणा दुकान होते, आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत २०११ साली आम्ही मसाले, पापड व तयार पिठांच्या एका कंपनीची एजन्सी सुरू केली. आज शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, सांबरा आणि खानापूर अशा लाईनींवर आमचे चार सेल्समन फिरतात. या चौदा वर्षांत गोडाऊन दोनदा बदलले, गाडी एकाची दोन झाली, जीएसटी आल्यावर हाताने लिहायची बिले संगणकावर गेली. पण धंद्याकडे पाहण्याची आमची नजर खऱ्या अर्थाने बदलली ती महिन्याच्या मध्यावर केलेल्या एका भागाकारामुळे, आणि त्याच भागाकाराविषयी येथे लिहीत आहे.

कंपनी दर महिन्याला टार्गेट देते. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आजपर्यंत झालेल्या विक्रीला कंपनीचे लोक ‘एमटीडी’ म्हणतात, आणि याच वेगाने गेलो तर महिनाअखेर आकडा कुठे पोहोचेल, या अंदाजासाठी ‘रन रेट’ हा क्रिकेटमधला शब्द सर्रास वापरतात. आमच्याकडे हा हिशेब अनेक वर्षे अगदी साधा होता : झालेल्या विक्रीला आजच्या तारखेने भागायचे आणि महिन्याच्या एकूण दिवसांनी गुणायचे. बारा तारखेला बाराने भागा, एकतीसने गुणा, झाले. हे गणित चुकीचे आहे हे आम्हाला कळायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

त्या महिन्याचे टार्गेट चोवीस लाख रुपये होते. १२ ऑगस्टच्या संध्याकाळी शेवटचे बिल निघाल्यावर विक्री नऊ लाख तीस हजारांवर होती. आमच्या सर्वांत जुन्या सेल्समनने कॅल्क्युलेटरवर बोटे चालवली आणि म्हणाला, “मालक, चोवीस लाख दोन हजार येतंय. टार्गेट पकडलं की!” मीही खूश होऊन घरी गेलो. रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहताना मात्र मन शंकले. त्या ऑगस्टमध्ये पाच रविवार होते : ३, १०, १७, २४ आणि ३१. त्यांतले दोनच उलटून गेले होते, तीन पुढे होते. शिवाय शुक्रवारी स्वातंत्र्यदिन आणि बुधवारी, २७ तारखेला, गणेश चतुर्थी. म्हणजे पहिल्या बारा दिवसांत दोन दिवस बंद, तर उरलेल्या एकोणीस दिवसांत पाच दिवस बंद. आम्ही मात्र दोन्ही तुकड्यांना एकाच मापाने मोजत होतो.

वहीच्या मागच्या पानावर मी पुन्हा आकडे मांडले. एकतीसमधून पाच रविवार आणि दोन सुट्ट्या वजा केल्यावर कामाचे दिवस चोवीस राहिले. त्यांपैकी दहा संपले होते आणि चौदा बाकी होते. नऊ लाख तीस हजारांना दहाने भागले की रोजची विक्री त्र्याण्णव हजार, आणि तिला चोवीसने गुणले की बावीस लाख बत्तीस हजार. संध्याकाळी जिथे टार्गेट हातात आले होते, तिथे रात्री एक लाख अडुसष्ट हजारांची तूट उभी राहिली. टार्गेट गाठायचे असेल, तर उरलेल्या चौदा लाख सत्तर हजारांसाठी चौदा दिवस रोज एक लाख पाच हजारांची विक्री हवी होती, म्हणजे आजवरच्या वेगापेक्षा रोज बारा हजार जास्त. सेल्समनला सकाळी सांगायला उपयोगी पडतो तो हा शेवटचा आकडा. “टार्गेट कमी पडतंय” असे म्हटले तर तो मान डोलावतो. “चौघांनी मिळून रोज बारा हजार वाढवायचे आहेत” असे म्हटले की तो आपल्या वाट्याच्या तीन हजारांसाठी दुकाने मोजायला लागतो.

दुसऱ्या दिवशी हा हिशेब संगणकावर घेतला, आणि तिथे आमची पहिली ठेच लागली. एक्सेलमध्ये कामाचे दिवस मोजणारे `NETWORKDAYS` हे फंक्शन आहे, परंतु ते शनिवार आणि रविवार दोन्ही वगळते. आमच्या धंद्यात शनिवार पूर्ण दिवस चालतो. त्या फंक्शनने ऑगस्टमध्ये एकोणीसच दिवस दाखवले आणि झालेले दिवस आठ. त्यामुळे महिनाअखेरचा अंदाज बावीस लाखांच्या आसपास, म्हणजे दिसायला बरोबरच आला, पण रोजची विक्री एक लाख सोळा हजार दिसू लागली, जी आमच्या कोणत्याही बिलबुकाशी जुळेना. फक्त रविवार वगळायचा असेल तर दुसरे फंक्शन घेऊन त्यात ११ हा आकडा द्यावा लागतो :

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,1),DATE(2025,8,12),11,$H$2:$H$10)
```

येथे `H` रकान्यात आपल्या सुट्ट्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. याचे उत्तर दहा येते. दुसऱ्या तारखेच्या जागी महिन्याचा शेवटचा दिवस घातला की चोवीस. या फंक्शनचा एक गुण असा की रविवारी आलेली सुट्टी ते दोनदा वजा करत नाही. हाताने मोजताना आम्ही ती चूक त्याच वर्षी जानेवारीत केली होती : प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता आणि आम्ही तो रविवारांतही धरला आणि सुट्ट्यांतही. आणखी एक सांभाळायची गोष्ट म्हणजे, सकाळी बिलिंग सुरू होण्याआधी हिशेब पाहायचा असेल तर शेवटची तारीख कालची घ्यावी. आजचा दिवस मोजला आणि त्याची विक्री मात्र अजून आलेलीच नाही, असे झाले की दर सकाळी रन रेट उगाच खाली पडलेला दिसतो.

सुट्ट्यांची यादी कुठून घ्यायची, हा आमच्या सीमाभागातला वेगळाच प्रश्न आहे. सरकारी यादी जशीच्या तशी चालत नाही, कारण त्यातल्या कित्येक दिवशी कचेऱ्या बंद आणि पेठ मात्र सुरू असते. कनकदास जयंतीला आमच्या गाड्या नेहमीप्रमाणे निघतात. उलट, सेल्समनच्या घरी गौरी आल्या की यादीत नसलेला दिवसही निम्मा वाया जातो. म्हणून आम्ही आमच्या मागच्या बिलांवरून स्वतःची यादी केली : ज्या दिवशी बिले निघालीच नाहीत ती आमची सुट्टी, मग पंचांग काहीही म्हणो.

ऑगस्ट संपला तेव्हा विक्री तेवीस लाख चौदा हजार झाली होती. टार्गेट हुकले, पण बावीस लाख बत्तीस हजारांचा माझा अंदाजही ब्याऐंशी हजारांनी कमी निघाला. याचे कारण बिले चाळताना सापडले. चतुर्थीआधीच्या तीन कामाच्या दिवशी, म्हणजे २३, २५ आणि २६ तारखेला, नेहमीच्या दीडपट माल गेला होता, आणि २८ तारखेला जेमतेम निम्मा. प्रत्येक दिवस एकसारखा धरला हीच त्यातली उणीव होती. त्या तीन दिवसांना दीड आणि २८ तारखेला अर्धा असे वजन दिले, तर उरलेले चौदा दिवस पंधरा दिवसांइतके भरतात आणि अंदाज तेवीस लाख पंचवीस हजार येतो. हे शहाणपण मागाहूनचे आहे हे खरे. आगाऊ वजन ठरवायचे तर मागच्या वर्षीचा ऑगस्ट काढून उपयोग नव्हता, कारण २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि त्या ऑगस्टमध्ये सणाची गर्दी शेवटच्या दोनतीन दिवसांतच सुरू झाली होती. तुलना तारखेशी न करता सणाशी करावी लागते : चतुर्थीआधीचा पहिला दिवस, दुसरा दिवस, अशी.

याच महिन्यात एका सेल्समनवर अन्याय होता होता राहिला. आमची खानापूर लाईन बुधवारी असते. १२ तारखेपर्यंत संपूर्ण फर्मचे चोवीसपैकी दहा दिवस झाले होते, म्हणजे सुमारे बेचाळीस टक्के. पण खानापूरला त्या महिन्यात ६, १३, २० असे तीनच बुधवार मिळणार होते, कारण चौथा चतुर्थीचा, आणि त्यांतला एकच झाला होता. त्याच्या लाईनीचे टार्गेट एकतृतीयांश पूर्ण होते आणि तो बरोबर वेळेवर चालला होता, तरी तक्त्यात तो सगळ्यांत मागे दिसत होता. तेव्हापासून आठवड्यातून एकदा होणाऱ्या लाईनींचा हिशेब आम्ही दिवसांवर न करता फेऱ्यांवर करतो.

विक्रीचा आकडा स्वच्छ नसेल तर दिवस कितीही अचूक मोजले तरी उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत महिन्याच्या शेवटच्या दोन दिवशी आमचे लोक ओळखीच्या दुकानदारांच्या गळ्यात माल मारत असत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो माल परत येई, आणि चार तारखेचा रन रेट पाहून मला वाटे की बाजार बसला. आता परतावा वजा करूनच एमटीडी धरतो आणि पाचसहा कामाचे दिवस होईपर्यंत अंदाज काढतच नाही.

पहिल्या दिवसांत एका दिवसाची चूक किती फुगते, ते नोव्हेंबरमध्ये दिसले. आमचे कंपनीकडचे साहेब पुण्यात बसतात आणि त्यांच्या कॅलेंडरप्रमाणे रविवार वगळून पंचवीस दिवस कामाचे होते. १ तारखेला शनिवार होता. तो कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, मराठी माणसांचा काळा दिवस, आणि आमचे गोडाऊन त्या दिवशी उघडत नाही. ४ तारखेच्या संध्याकाळी आमची विक्री एक लाख नव्वद हजार होती. साहेबांनी ती तीन दिवसांची धरली, पंचवीसने गुणली आणि फोन केला, “काका, या वेगाने तुम्ही पंधरा लाख त्र्याऐंशी हजारांवर थांबाल. तब्येत बरी आहे ना?” आमच्या तक्त्यात झालेले दिवस दोन आणि एकूण चोवीस होते, त्यामुळे तोच आकडा बावीस लाख ऐंशी हजारांवर जात होता, टार्गेट होते तेवीस लाख. तब्येत बरी असल्याचे सांगून मी त्यांना आमच्या सुट्ट्यांचा रकाना पाठवून दिला. डिसेंबरपासून त्यांच्या शीटमध्ये बेळगावसाठी सुट्ट्यांची वेगळी ओळ आली आहे, आणि आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एजन्सीवाल्यांनीही आपापल्या तारखा तिथे भरायला सुरुवात केली आहे.