क्रॉसमॅच कम्पॅटिबल होता, तरी रक्त फुटलं

ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, तेव्हा नाइट ड्युटीच्या गोष्टी भरपूर, पण ही एक डोक्यातून जात नाही. रात्री दीडला ऑर्थोच्या रेसिडेंटचा फोन, मॅडम अर्जंट दोन पिशव्या हव्यात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या मावशी आहेत, हिमोग्लोबिन ९.६ वरून ६.८ वर आलंय, ड्रेनमध्ये तर काहीच नाही, कुठून ब्लीडिंग होतंय कळत नाही. मी विचारलं, डोळे पिवळे आहेत का? तर म्हणे हो थोडे आहेत, आणि लघवी पण चहासारखी येतेय.

कॉम्प्युटरवर बघितलं तर आम्हीच सात दिवसांपूर्वी त्यांना दोन पिशव्या दिलेल्या, दोन्ही क्रॉसमॅचला कम्पॅटिबल, म्हणजे मावशींच्या प्लाझ्माशी पिशवीतल्या पेशी जुळलेल्या. ब्लीडिंग नाही, लाल पेशी आतल्या आतच फुटतायत अशी शंका आली, त्यामुळे पिशव्या काढायच्या आधी डीएटी लावायचं ठरवलं. म्हणजे डायरेक्ट कूम्ब्स. पेशंटच्या लाल पेशी सलाइनने धुवायच्या आणि थेट अँटीह्युमन ग्लोब्युलिन टाकायचं, हेच कूम्ब्स रिएजंट, शरीरात असतानाच पेशींवर अँटीबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं चिकटलीयत का ते कळतं, चिकटली असतील तर पेशींच्या गुठळ्या होतात. सॅम्पल ईडीटीएचंच घ्यायचं, साध्या ट्यूबमधलं रक्त गोठलं आणि फ्रीजमध्ये राहिलं तर कॉम्प्लिमेंट बाहेरच चिकटतं आणि उगाच पॉझिटिव्ह येतं.

पहिल्यांदा निगेटिव्ह आली! मग नियमाप्रमाणे चेक सेल्स टाकले, ह्या पेशींवर आधीच आयजीजी अँटीबॉडी बसवलेली असते, म्हणजे त्यांच्या गुठळ्या व्हायलाच पाहिजेत, तर त्या पण झाल्या नाहीत. चूक माझीच, घाईत धुणं नीट झालं नव्हतं, थोडा प्लाझ्मा मागे राहिला आणि त्यातल्याच ग्लोब्युलिनने सगळं रिएजंट खाऊन टाकलं. चार वेळा नीट धुवून परत लावली तर पॉझिटिव्ह, पण विचित्र, छोट्या छोट्या गुठळ्या आणि आजूबाजूला सुट्ट्या पेशींचा गुलाबी गढूळपणा. मिक्स्ड फील्ड.

रेसिडेंटला कळवलं तर तो म्हणे मग ऑटोइम्यून असेल, शरीर स्वतःच्याच पेशी फोडत असेल, स्टेरॉइड चालू करू का? म्हटलं थांबा जरा. ऑटोइम्यूनमध्ये बहुतेकदा सगळ्याच पेशींवर थर बसलेला असतो, इथे काहीच पेशी चिकटतायत, मग त्या आपण चढवलेल्याच असतील तर?

आता आयएटी, इनडायरेक्ट. ह्यात उलटं असतं, पेशंटचा प्लाझ्मा घ्यायचा आणि ओळखीच्या पेशींबरोबर ३७ डिग्रीला ठेवायचा, मग कूम्ब्स रिएजंट, म्हणजे प्लाझ्मात मोकळी अँटीबॉडी फिरतेय का ते दिसतं. क्रॉसमॅच पण हाच, फक्त पेशी डोनरच्या. जेल कार्डवर तीन पेशींचं स्क्रीनिंग लावलं, एक जोरात, एक अगदी हलकं, तिसरं निगेटिव्ह. कुठली अँटीबॉडी ते ओळखायला ११ पेशींचं पॅनल लावलं तर अँटी-जेकेए, म्हणजे किड रक्तगटातल्या जेकेए अँटिजेनविरुद्धची. जेकेएचा डबल डोस असलेल्या पेशींवर जोर, सिंगलवर कमजोर, हा हिचा जुना स्वभाव.

मग डीएटीवाल्या पेशींवरची अँटीबॉडी ॲसिड इल्युशनने सोडवून तो इल्युएट पॅनलवर टाकला, तिथेही अँटी-जेकेएच. ऑटोइम्यून असतं तर इल्युएटने बहुतेक पॅनलच्या सगळ्याच पेशी पकडल्या असत्या. ट्रान्सफ्युजनच्या आधीचं सॅम्पल आमच्या फ्रीजमध्ये होतं नशिबाने, त्यात परत स्क्रीनिंग केलं तर खरंच निगेटिव्ह, आणि त्यावरच जेकेए टायपिंग पण केलं (नव्या सॅम्पलमध्ये डोनरच्या पेशी मिसळलेल्या, ते चालत नाही), तर मावशी जेकेए निगेटिव्ह. दिलेल्या दोन्ही पिशव्यांचे सेगमेंट, म्हणजे जपून ठेवलेले नळीचे तुकडे, जेकेए पॉझिटिव्ह.

सकाळी मावशींच्या नवऱ्याला विचारलं, फॉर्मवर आधी कधी रक्त चढवलं नाही असं लिहिलंय ते खरं का? तर म्हणाले, मॅडम, धाकट्याच्या बाळंतपणात एक बाटली चढवली होती, २२ वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतंय. तेव्हा किंवा बाळंतपणामुळेच अँटीबॉडी तयार झाली असणार आणि नंतर इतकी उतरली की आयएटीला दिसेना, मग परत तेच अँटिजेन मिळाल्यावर आठवडाभरात एकदम उसळी. सात दिवसांपूर्वी प्लाझ्मात पकडण्याइतकं काही नव्हतंच, म्हणून क्रॉसमॅच खोटा नव्हता.

फ्रीजमधल्या सात पिशव्या टाइप केल्या तेव्हा दोन जेकेए निगेटिव्ह मिळाल्या, आयएटी क्रॉसमॅच लावून त्या दिल्या. दोन दिवसांत हिमोग्लोबिन ८.९, क्रिएटिनिन हललं नाही, म्हणजे किडनी ठीक. डिस्चार्जच्या वेळी काकांना अँटी-जेकेए लिहिलेलं कार्ड करून दिलं, सांगितलं की काही वर्षांनी ही टेस्ट परत निगेटिव्ह येऊ शकते तेव्हा रिपोर्टवर नाही, ह्या कार्डावर भरवसा ठेवा. त्यांनी ते आधार कार्डाच्या पाकिटात सरकवलं आणि विचारलं, म्हणजे रक्त चुकीचं दिलं होतं का? दहा मिनिटं मी समजावत होते.